दत्ताण्णामार्फत गेलेलं गाऱ्हाणं

केशर अस्वलाला भ्यायची नाही. एकदा काजूखाली पालापाचोळा गोळा करताना दहा पावलांवर अस्वल उभं राहिलं, तर हिनं हातातली पाटी दगडावर अशी आपटली की अस्वलच बावचळून उतारानं पळालं. सगळ्या कुंभारवाडा भागात ती गोष्ट झाली. पण हीच केशर रामनगरच्या हमरस्त्यावर दत्तप्रसादच्या खाणावळीत तिसरा चहा संपवत बसली होती, आणि तोंड उघडायचं धाडस होत नव्हतं, कारण तिला एक शब्द मागायचा होता.

शब्द म्हणजे ओळखीचा शब्द. कुणीतरी कुणाला तरी सांगायचं, ‘हे माझ्या माहितीतले, जरा बोलून बघा.’ एवढंच. पण तेवढंच मागायला एवढं जड का जातं, देव जाणे.

गोष्ट अशी होती. वाडीतल्या बारा बायकांचा गट होता आणि केशर त्याची सेक्रेटरी. पौषात मुडली खणून झाली होती. मुडली म्हणजे हातभर लांबीचा, मातकट, दिसायला अगदी ध्यान, पण उकडून खाल्ला तर लोण्यासारखा विरघळणारा कंद. वीस पोती भरून देवळामागच्या माडीखाली ठेवली होती. दरवर्षी रामनगरचा व्यापारी यायचा, पोत्याला पायानं ढोसायचा आणि आपणच भाव सांगून घेऊन जायचा. यंदा केशरनं सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं होतं, ‘यंदा त्याला द्यायचं न्हाई. आपण सरळ गोव्याच्या हॉटेलात घालू.’ बायकांनी माना डोलावल्या. व्यापारी आला, रिकामा परत गेला, आणि जाताना म्हणाला, ‘बघतो की, महिन्यानं कुणाच्या दारात येताय.’

त्या महिन्यातले बारा दिवस गेले होते.

गोव्यात पाच हॉटेलं एकाच मालकाची होती आणि त्या पाचांच्या स्वयंपाकघरांत काय शिजणार, कुणाकडून येणार, हे एकच बाई ठरवायची. सोनियाबाई. तिच्या ऑफिसात केशरनं दोनदा फोन लावला होता. दोन्ही वेळा एका मुलीनं गोड आवाजात ‘ईमेल करा’ म्हणून सांगितलं. ईमेल केला. तो कुठल्या विहिरीत पडला कोण जाणे, बुडबुडासुद्धा आला नाही.

आणि दत्तप्रसाद याच सोनियाबाईच्या हाताखाली अकरा वर्षं होता. भांडी घासण्यापासून सुरुवात करून मुख्य आचारी झाला होता. वडील आजारी पडले म्हणून रामनगरला परतला आणि ही खाणावळ काढली. मुडली तो केशरकडूनच घ्यायचा.

‘वैनी, चौथा चहा देऊ की आता बोलताय?’ दत्तप्रसाद गल्ल्यावरून म्हणाला. ‘तुमच्या कपाचा कान तुटायचा ओढून ओढून.’

केशरनं डोळे मिटले आणि एका दमात बोलून टाकलं. ‘दत्ताण्णा, सोनियाबाईंशी आमची ओळख करून देता काय? जमत नसंल तर न्हाई म्हणा. राग न्हाई यायचा. तुमची मुडली थांबायची न्हाई, काय न्हाई. नुसतं न्हाई म्हणायचं.’

दत्तप्रसादनं गल्ल्यावरचं फडकं घेतलं, पुसलेलीच जागा परत पुसली. आणि तेव्हा केशरच्या लक्षात आलं की भ्यायलेली ती एकटीच नव्हती.

‘वैनी, बाई माणूस चांगली हाय. पण तिच्याकडं मी एकदाच शब्द टाकलाय अकरा वर्षांत. एका पोराला कामाला लावा म्हटलं. पोरगं तिसऱ्या दिवशी पळालं. बाई मला काय बोलली न्हाई. नुसतं बघितलं.’ त्यानं मान हलवली. ‘ते बघणं अजून आठवतंय.’

‘मग राहू दे.’

‘राहू दे म्हटलं काय मी? तुमचा माल मी खातोय, मला ठावं हाय. पण रीतीनं करू. असं एकदम दोघांना फोनवर आणून बसवायचं न्हाई. मी आधी बाईला विचारणार, बोलायचंय काय म्हणून. तिनं व्हय म्हटलं तरच जोडून देणार. न्हाई म्हटलं, तर का न्हाई म्हणाली ते मला विचारायचं न्हाई.’

‘न्हाई विचारत.’

‘आणि मला सात-आठ ओळी लिहून पाठवा. मी तशाच पुढं ढकलणार, एक अक्षर हलवायचो न्हाई. तिला फोनवर उभ्या उभ्या वाचता आल्या पायजेत. तुम्ही कोण, माल काय, तिच्याकडंच का आलाय. आणि शेवटी काय पायजे ते. ऑर्डर मागायची न्हाई हां! पंधरा मिनिटं मागायची. नुसतं बोलायला.’

‘एवढंच?’

‘एवढंच. एवढंच अवघड असतंय.’

परतीच्या बसमध्ये केशर त्या सात-आठ ओळी मनात जुळवत बसली. नुसतं गरगरलं तिला. कुणा मोठ्याकडे दुसऱ्याच्या तोंडून मागायचं म्हणजे कसं बोलायचं? आणि मग तिला हायसं वाटलं, कारण हे तर तिला येत होतं! लहानपणापासून ऐकलेलं होतं. गावच्या देवळात कुणी आपण होऊन देवाशी बोलत नाही. परशू गावकर मध्ये उभा राहतो, तुम्ही त्याच्या कानाशी सांगता आणि तो देवापुढं गाऱ्हाणं घालतो. आधी नाव-गाव, मग मागणं. आणि मध्ये ते हवंच हवं: काय चुकलं-माकलं असेल ते. चूक लपवून घातलेलं गाऱ्हाणं देव ऐकत नाही. उलट मनात धरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सड्यावर, वाडीवरच्या उघड्या खडकाळ माळावर, चढली. वाडीत मोबाईलला रेंज नव्हती, ती फक्त सड्यावरच्या एका काळ्या दगडापाशी यायची. तिथं बसून केशरनं लिहिलं:

‘सोनियाबाईंना नमस्कार. मी केशर, जोयडा तालुक्यात कुंभारवाड्याकडच्या बारा बायकांच्या गटाची सेक्रेटरी. आम्ही मुडली पिकवतो, औषध न मारता. दत्ताण्णा तीन वर्षं आमचाच माल वापरतात. तुमच्या हॉटेलात गावठी जेवणाचा दिवस सुरू झाला असं त्यांच्याकडून कळलं, म्हणून तुमच्याकडे आलो. आमची चूक सांगते. गेल्या वर्षी आम्ही एका रिसॉर्टला चाळीस किलो मुडली धुऊन पाठवली, ती आठवड्यात कुजली. चूक आमची होती. यंदा वीस पोती आहेत, मातीसकट. तुमची पंधरा मिनिटं मिळाली तर फोनवर बोलेन. नाही जमलं तरी राग नाही.’

पाठवलं. निळ्या खुणा उमटल्या. केशर टुणटुणत सडा उतरली. पाठीवरचं पोतं उतरल्यागत वाटत होतं.

शनिवारी दुपारी नणंद आली. नेत्रा रामनगरला कॉलेजात वाणिज्य शिकायची आणि सुट्टीला घरी यायची. पडवीत बसून कुळथाचं सार भुरकत तिनं वैनीचा फोन घेतला, ते लिहिणं वाचलं, आणि तिला असा ठसका लागला की सार नाकातून आलं.

‘वैनी! हे काय लिवलंयस गं?’

‘काय झालं?’

‘कुजली म्हणून लिवलंयस! आपल्याच तोंडानं! माल विकायला निघालीयस की कोर्टात कबुली द्यायला? अगं, असलं कोण लिवतंय? पहिल्या ओळखीत चांगलं तेवढंच सांगायचं असतंय!’

‘पण गाऱ्हाण्यात...’

‘गाऱ्हाणं देवाला! ती काय देव हाय? ती खरेदीवाली बाई हाय! कुजलं एवढा एकच शब्द वाचणार आणि फोन पालथा ठेवणार!’

केशर ताडकन उठली. चुलीपाशी सासू रुक्मा भाकरी थापत होती, तिचे हात थांबले.

‘काय गं, काय लिवलं तिनं?’

‘काय न्हाई, आत्याबाई,’ केशर म्हणाली आणि फोन हिसकावून अनवाणीच सड्याकडे धावली. काट्यांतून, खडीवरून, मागून नेत्रा ‘चप्पल तरी घाल गं!’ म्हणून ओरडत. दगडापाशी पोचेपर्यंत छाती फुटायची बाकी राहिली होती. दत्तप्रसादला फोन लागला.

‘दत्ताण्णा, ते पाठवू नका! दुसरं लिवून देते!’

‘वैनी, ते त्याच दिवशी गेलं की.’

‘तुम्ही वाचलं न्हाई काय?’

‘वाचलं. वाचून मलाबी वाटलं, हे कशाला लिवलं. पण एक अक्षर हलवायचो न्हाई म्हणालो होतो न्हवं.’

‘बाई काय म्हणाल्या?’

‘काय न्हाई. वाचलंय. उत्तर न्हाई.’

तिथून पुढचे चार दिवस केशर जिवंत होती असं म्हणायला जीव धजत नाही. ती जेवायची, पण चव कळायची नाही. पाणी भरताना कळशी भरून वाहायची तरी हिचं लक्ष नाही. गटातल्या बायका वाटेत भेटल्या की विचारायच्या, ‘काय गं सेक्रेटरी, गोवा काय म्हणतंय?’ आणि ही हसायची, आणि हसताना दात वाजायचे. तिला एकच चित्र दिसायचं. बारा बायका, पदर कमरेला खोचलेल्या, व्यापाऱ्याच्या दारात उभ्या, आणि तो पोत्याला पायानं ढोसतोय. आणि सगळ्या जणी त्याच्याकडं न बघता हिच्याकडं बघतायत. त्यातून आणखी एक वाईट होतं. दत्ताण्णाचाही शब्द गेला होता. अकरा वर्षांत दुसरा आणि तोही कुजक्या मुडलीपायी!

पाचव्या दिवशी सकाळी वाडीत मोटरसायकल घुसली. दत्तप्रसाद. डोळे तांबडे, दाढी वाढलेली, अंगावर खाणावळीतलाच शर्ट. त्याचं तोंड बघून केशरनं दाराची चौकट धरली.

‘न्हाई म्हणाल्या?’

‘व्हय म्हणाली असती तर बरं झालं असतं, न्हाई म्हणाली असती तरी बरं झालं असतं,’ तो म्हणाला आणि फोन काढून त्यात आलेला आवाज लावला. करकरीत, शांत बाईचा आवाज पडवीत उमटला.

‘दत्तप्रसाद, मजकूर वाचला. तू म्हणतोस तीन वर्षं माल घेतोस. पण त्यांनी कसा ठेवलाय ते तू स्वतः जाऊन बघितलंस काय? बघितलं नसशील तर बघ. आणि मग मला सांग, माझ्या खुर्चीत तू असतास तर यांच्याशी बोलला असतास की नाही. तू हो म्हणालास तर बोलते.’

रुक्मा पुढं आली. ‘म्हणजे आता सगळं तुझ्यावर?’

‘माझ्यावर, आत्याबाई. दोन रात्री डोळ्याला डोळा न्हाई. चला, पोती दाखवा.’

माडीखाली अंधार होता आणि मातीचा गार वास. दत्तप्रसादनं वरची पोती बघितली नाहीत. त्यानं सगळ्यात खालचं, भिंतीला लागलेलं पोतं ओढून काढलं आणि तळाकडनं उसवायला लावलं. मुडली जमिनीवर ओतली. एकेक उचलली, दाबली, नाकाला लावली. एक मोडली. आत पांढरीशुभ्र. दुसरी मोडली.

केशर मागून वाकून बघत होती.

‘अरे बाबा,’ रुक्मा म्हणाली, ‘सोयरीक बघायला आलायस व्हय? पोरीचे दात मोजतोयस?’

‘सोयरीकच की, आत्याबाई. नवरी पळाली तर वऱ्हाड मध्यस्थाला हाणतंय.’

तिसऱ्या पोत्यात एक मुडली त्याच्या बोटाखाली चेपली. त्यानं ती उजेडात धरली. बुडाला काळा डाग होता.

‘ही फावड्यानं कापलेली,’ केशर कशीबशी म्हणाली. ‘खणताना लागतंय. ही निवडून काढायची राहिली.’

‘अशा किती?’

तिला सांगता आलं असतं, हीच एक. ‘दर पोत्यात दोन-तीन असतील,’ ती म्हणाली. ‘परत निवडू.’

दत्तप्रसाद उठला, गुडघे झाडले आणि सड्याकडे चालू लागला. केशर मागोमाग. काळ्या दगडापाशी त्यानं फोनवर बरंच काही लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. अखेर त्यानं डोळे मिटून पाठवलं. आणि केशरच्या फोनवर टिंग वाजलं. तीन जणांचा गट होता, सोनियाबाई, तो आणि ती.

‘सोनियाबाई, या केशर. मी आज माल तळापर्यंत बघितला. मातीसकट ठेवलाय, कोरडा आहे. फावडं लागलेल्या मुडली पोत्यात दोन-तीन निघतील, वैनी त्या परत निवडणार आहेत. विचारलं ते खरं सांगतात. मी तुमच्या खुर्चीत असतो तर बोललो असतो. केशरवैनी, या सोनियाबाई. आता तुम्ही दोघी बोला, मी बाजूला होतो.’

‘लगेच उत्तर द्या,’ तो म्हणाला. ‘ताटकळत ठेवायचं न्हाई. कधी रिकाम्या हायत ते विचारा.’ आणि तो मोटरसायकलवर बसून निघून गेला, दुपारच्या जेवणाची गिऱ्हाइकं होती म्हणून. केशरला वाटलं, पळालाच.

तिनं उत्तर दिलं. बाईंनी दुपारी तीनची वेळ दिली. तीन वाजेपर्यंत केशर त्या दगडावरून उठली नाही. नेत्राचा सल्ला आठवत होता, चांगलं तेवढंच बोल, चांगलं तेवढंच बोल.

बरोबर तीनला फोन वाजला.

बाईंनी हवापाण्याचं काही विचारलं नाही. किती माल, कोण खणतं, रामनगरपर्यंत कसा आणणार, किती दिवस टिकतो. केशर उत्तरं देत गेली, आवाज शेळीसारखा कापत होता, पण देत गेली. दहा मिनिटं झाली असतील.

‘बरं,’ बाई म्हणाल्या. ‘माझ्या पाचही स्वयंपाकघरांत माती आत येऊ देत नाहीत. मला धुतलेली लागेल. वीसच्या वीस पोती घेते. धुऊन द्याल?’

वीसच्या वीस! केशरच्या डोळ्यांपुढं माडीखालची जागा रिकामी झाली, बायका नाचल्या, व्यापारी तोंड लपवून पळाला. नुसतं ‘व्हय’ म्हणायचं होतं. एक अक्षर. आणि त्याच वेळी तिला तो वास आला, गेल्या वर्षी परत आलेल्या चाळीस किलोंचा, आंबूस, कुबट, नाकात बसलेला. न्हाई म्हटलं तर सगळं गेलं. व्हय म्हटलं तर आठवड्यानं गेलं, आणि सोबत दत्ताण्णाचा शब्दही गेला.

‘न्हाई, बाई,’ ती म्हणाली. आपणच म्हणालो हे तिला पटेना. ‘धुऊन न्हाई देता यायची. धुतली की कुजती. शिजवायच्या दिवशी धुवायला पायजे. तुमच्याकडं धुवायची सोय नसंल तर... तर घेऊ नका.’

केशरनं फोन कानापासून काढून बघितला, रेंज गेली की काय. रेंज होती. पलीकडे फक्त कुणीतरी कागद उलटत होतं. ती ऐकत राहिली. वाऱ्यानं गवत हललं तरी दचकत राहिली.

‘दोन स्वयंपाकघरांना मागं अंगण आहे,’ बाई अखेर म्हणाल्या. ‘तिथं धुता येईल. सहा पोती पाठवा, मातीसकट, निवडून. पंधरा दिवस माझ्या कोठारात राहू देत. टिकली तर उरलेल्या चौदांचं बोलू. नाही टिकली तर परत बोलणं नाही. चालेल?’

‘चालेल,’ केशर म्हणाली.

‘आणि दत्तप्रसादला कळवा काय ठरलं ते. तो वाट बघत असेल.’

फोन बंद झाला. केशर दगडावर बसूनच राहिली. सहा. वीस नाहीत, सहा. आणि पंधरा दिवसांचं नवं भय, ताजं, कोवळं, आत्ताच उगवलेलं. खाली वाडीत बायका जमल्या असणार, त्यांना सांगायचं होतं की चौदा पोती अजून तशीच आहेत आणि सगळी परत ओतून एकेक निवडायची आहे. कुणीतरी नक्की म्हणणार, व्हय म्हटली असतीस तर? तिनं आधी दत्तप्रसादला फोन लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत त्यानं उचलला.

‘काय?’

‘सहा पोती. पंधरा दिवस ठेवून बघणार. धुऊन मागितली, मी न्हाई म्हटलं.’

‘न्हाई म्हटलं? बाईला?’

‘व्हय.’

पलीकडे फोडणीचा तडतडाट ऐकू आला. मग दत्तप्रसाद हसायला लागला, आधी हळू, मग असा की त्याला धाप लागली.

‘वैनी, अकरा वर्षांत मला ते जमलं न्हाई. थांबा, थांबा, फोन ठेवतो. तुमच्या नादात अख्खा भात करपला माझा.’